ऑपरेशन थिएटरबाहेर थांबणं कसं लिहावं: ‘भीती’ हा शब्द न वापरता

आईच्या पोटातली गाठ काढायची होती त्या दिवशी मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात सव्वातीन तास बसलो होतो. आठवड्याभराने ते लिहायला घेतलं. पान भरलं, मग सहज मोजलं तर ‘भीती’, ‘धास्ती’, ‘काळजी’, ‘धाकधूक’ मिळून अकरा वेळा आले होते. धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं. ती त्या दिवशी गावाबाहेर होती, तिने सगळं फोनवरूनच ऐकलं होतं. ती म्हणाली, “दादा, तू घाबरला होतास ते कळलं. पण तिथे होतं काय?”

त्याचं उत्तर कागदावर नव्हतं. पुढे तेच पान मी चार वेळा लिहिलं, आणि त्यात जे चुकत गेलं त्यातून हा लेख झाला. तुम्हाला असा प्रसंग लिहायचा असेल, कथेत, ललित लेखात किंवा नुसता स्वतःच्या वहीत, तर निदान माझ्या पहिल्या तीन चुका तरी वाचतील. पाचशे-सहाशे शब्दांचा एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून हे सांगतोय. लांबलचक कादंबरीतलं प्रकरण असेल तर हिशेब थोडा बदलेल.

लिहायला बसण्याआधी काय जमवावं

- त्या दिवसाची फोनच्या कॉलची यादी आणि पाठवलेले-आलेले मेसेज. दोन्हींवर वेळ असते.
- औषधांची बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या. बहुतेकांवर तारखेबरोबर तास-मिनिटंही छापलेली असतात.
- त्या दिवशी हातात जी पिशवी होती तिच्यातल्या वस्तूंची यादी, आठवेल तशी.
- तिथे तुमच्याबरोबर असलेलं कोणी. त्यांना “तुला काय वाटत होतं” असं विचारू नका. “आपण कुठे बसलो होतो, दार कुठल्या हाताला होतं” असं विचारा.

तुम्ही आत्ता प्रत्यक्षच अशा खुर्चीवर बसून हे वाचत असाल तर वाक्यं लिहूच नका. फोनमध्ये नुसती नामं आणि वेळ टिपून ठेवा: ‘११.००, फरशी पुसणारा मुलगा, सगळ्यांचे पाय वर.’ एवढं पुरतं. वाक्यं घरी गेल्यावर होतात.

पायरी १: आधी वेळेचा कागद करा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ‘एकेक क्षण युगासारखा वाटत होता’, ‘घड्याळाचे काटे जणू थांबले होते’. ही वाक्यं खोटी नाहीत, पण वाचकाने ती इतक्यांदा वाचलेली असतात की तो ती न वाचताच पुढे सरकतो. वेळ लांबली असं सांगून ती लांबत नाही. ती लांबते वाचकाला हिशेब करायला लावून.

त्यासाठी दोन आकडे लागतात. एक म्हणजे आत कधी नेलं. दुसरा म्हणजे किती वेळ लागेल असं सांगितलं होतं. माझ्या बाबतीत १० वाजून १० मिनिटांनी नेलं आणि डॉक्टर म्हणाले, “दीड-दोन तास.” हे दोन आकडे प्रसंगाच्या अगदी सुरुवातीला, शक्यतो पहिल्या चार ओळींत, साध्या आवाजात ठेवून द्या. त्यांच्यावर जोर देऊ नका. वाचक मनातल्या मनात बेरीज करतो, १२.१० ही वेळ त्याच्याकडे तयार होते, आणि ती तुम्ही सांगितलेली नसते. पुढे कागदावर ‘१२.२२’ आलं की काय झालंय ते त्याला तुमच्याआधी कळतं.

आता कॉलची यादी आणि पावत्या घेऊन कागदावर उभी रेघ मारा आणि खऱ्या वेळा लिहा. माझ्या कागदावर एक गोष्ट दिसली, जी मला आठवत नव्हती. १०.१० ते ११.५५ या पावणेदोन तासांत मी फोन दोनदाच उघडला होता. १२.१० नंतरच्या अर्ध्या तासात नऊ वेळा. म्हणजे दिलेली मुदत संपेपर्यंत माणूस घड्याळाकडे फारसं बघत नाही, मुदत संपली की बघतच राहतो. लिहिताना तेच करायचं. आधी वेळेचे उल्लेख विरळ ठेवायचे, मुदतीनंतर दाट करायचे: बारा बावीस, बारा एकतीस, बारा चौतीस, बारा छत्तीस. परिच्छेदही त्याबरोबर आखूड होत जातात. हे मुद्दाम करावं लागत नाही. दोन मिनिटांत घडण्यासारखं काही नसतंच.

इथे एक सापळा आहे. वेळा दर ओळीला यायला लागल्या की प्रसंग रेल्वेच्या वेळापत्रकासारखा दिसतो. सहाशे शब्दांत सहा ते आठ उल्लेख पुष्कळ झाले, आणि त्यातले निम्मे मुदतीनंतरचे असू द्या.

पायरी २: एक वस्तू निवडा, जिला तिथे काहीतरी काम आहे

भूल देऊन शस्त्रक्रिया करायची असते तेव्हा पेशंटच्या अंगावरचं काढून नातेवाइकांच्या हातात देतात. दागिने, चष्मा, कवळी, घड्याळ, कानाचं मशीन. व्हरांड्यात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात दुसऱ्या कोणाच्या तरी वस्तू असतात. लिहिणाऱ्याला याहून जास्त काही मागायची गरज नाही, आणि तरी आम्ही लोक खिडकीतला सुकलेला गुलाब शोधत बसतो.

मीही शोधला. पहिल्या खर्ड्यात मी एक उडणारी ट्यूबलाइट घातली होती. खरं तर तिथली एकही ट्यूब उडत नव्हती, सगळ्या लख्ख होत्या. उडणारी ट्यूब, सुकलेलं फूल, खिडकीवर येऊन बसलेला कावळा, मध्येच बंद पडलेलं घड्याळ, या वस्तू ‘काहीतरी वाईट होणार’ अशी पाटी गळ्यात अडकवूनच येतात. ‘भीती’ हा शब्द खोडून त्या जागी त्या बसवल्या तर काहीच बदललेलं नसतं.

वस्तू निवडताना मी आता दोन प्रश्न विचारतो. ती तिथे का आहे याचं साधं, व्यवहारातलं कारण आहे का? आणि बसलेल्या माणसाला तिच्याशी हाताने काही करता येतं का? मिटलेला चष्मा पहिल्या प्रश्नात पास होतो, दुसऱ्यात कसाबसा. कानाचं मशीन दोन्हींत पास होतं. ज्यांच्या घरी आहे त्यांना माहीत असेल: मशीन चालू राहिलं आणि मुठीत धरलं की ते शिट्टी मारतं. त्यातून बाहेर पडणारा आवाज मुठीत अडून त्याच्याच माइकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. मूठ उघडली की थांबतं. बंद करायचं तर लहान बॅटरीच्या मशीनला बहुधा बॅटरीचं झाकण उघडावं लागतं.

हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मी आईचं मशीन घट्ट धरून बसलो आणि ते भर व्हरांड्यात कुईं करून ओरडलं. सगळ्यांनी बघितलं. पहिल्या तीन खर्ड्यांत मी हे लिहिलंच नव्हतं, कारण मला ते लाजिरवाणं आणि किंचित विनोदी वाटत होतं. तुमच्याकडेही अशी एखादी जरा ओशाळवाणी गोष्ट असेल. तीच आधी तपासा.

एकदा वस्तू ठरली की ती प्रसंगात तीनदा येऊ द्या. हातात येताना, मधे एकदा आणि शेवटाकडे. दर वेळी तिच्याशी केलेली कृती थोडी वेगळी हवी. तीच कृती तीनदा आली तर पुनरुक्ती होते. एकदाच आली तर ती वस्तू यादीतली वस्तू राहते. आणि ‘हे मशीन म्हणजे आईशी जोडलेला शेवटचा धागा होता’ असलं वाक्य सुचलं तर ते लिहून झाल्यावर खोडा. मी खोडलंय.

पायरी ३: तिथे जे ऐकू येतं तेच ऐका

नव्या लिहिणाऱ्याच्या दवाखान्यात हमखास ‘बीप… बीप…’ असतं. थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात ते सहसा ऐकू येत नाही. मधे दोन-दोन दारं असतात. नाडीचं यंत्र आत वाजत असतं आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या बीपचा सूरही खाली उतरतो, पण ते भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कानांसाठी आहे. बाहेरच्याला ते मिळत नाही, आणि काहीच मिळत नाही हीच तर बाहेर बसण्याची गोष्ट आहे. बाहेरच्या माणसाला आतले आवाज दिलेत की त्याला बातमी मिळाली आणि थांबणं संपलं.

मग बाहेर काय ऐकू येतं? लिफ्टचं दार. कुणाच्या तरी फोनची वाजत राहिलेली रिंग. पावती छापणारं यंत्र. दार आपोआप मिटवणारा दांडा: त्याचं दार आधी भरकन येतं आणि शेवटची वीतभर सावकाश सरकतं, मग टक्. आणि ट्रॉली. ट्रॉलीवर थोडं थांबावंसं वाटतं, कारण मला त्या प्रसंगाची चावी तिथे सापडली.

ट्रॉली दिसण्याआधी ऐकू येते. फरशीच्या सांध्यावरून जाताना पुढची दोन चाकं वाजतात, मग मागची दोन. रिकामी असेल तर बाजूच्या कठड्याच्या दांड्या सैल खडखडतात. वर माणूस असेल तर चादर, गादी, अंग यांच्या वजनाने तो खडखडाट दबतो आणि नुसती चाकं ऐकू येतात, जरा जड. हे कोणी शिकवत नाही. तासाभरात बसलेल्या माणसाला न बघता कळायला लागतं की येतेय ती रिकामी आहे की भरलेली. आता हे वाक्य बघा: ‘तिसऱ्या ट्रॉलीपासून मला न बघता कळायला लागलं.’ यात घाबरल्याचा उल्लेख नाही. पण इतक्या बारकाईने कोण ऐकतं आणि का, ते वाचक समजून घेतो.

आवाज निवडताना म्हणूनच नुसता आवाज पुरत नाही. तो आवाज ऐकून बसलेल्या माणसाला काय कळलं, किंवा काय कळेनासं झालं, तेही हवं. नाहीतर आवाजांची जंत्री होते.

मराठीत ध्वनीचे शब्द भरपूर आहेत आणि तीच अडचण आहे. खडखड, करकर, सळसळ, घरघर, खुट्, फस्स, टक्. एका परिच्छेदात दोनपेक्षा जास्त आले की प्रसंग लहान मुलांच्या गोष्टीसारखा वाजायला लागतो. एक ठेवा, तो नेमका ठेवा, आणि बाकीचे आवाज क्रियापदांनी सांगा: दार मिटलं, लिफ्ट थांबली, कोणीतरी खोकलं. शांततेला विशेषण लावू नका. ‘भयाण शांतता’ म्हणजे भीतीच, फक्त विशेषणाच्या रांगेतून आत शिरलेली.

पायरी ४: ‘मला’ शोधा

ही पायरी खर्डा झाल्यावरची, आणि ती मराठीतच चालते. आपल्याकडे भावना ‘मला’ होतात. मला भीती वाटली, मला घाम फुटला, मला धीर धरवेना. वाक्यात मी आहे, पण मी काही करत नाही; जे काही आहे ते माझ्यावर येऊन पडतंय. आपण बोलतो तसंच हे आहे, यात चूक काही नाही. पण असं एक पान भरलं की त्या पानावर कोणीच हलत नाही.

पेन घ्या आणि खर्ड्यातल्या प्रत्येक ‘मला’, ‘माझ्या मनात’, ‘माझा जीव’ यांच्याखाली रेघ मारा. मग एकेक वाक्य ‘मी’ने सुरू करून, हाताने करण्याचं क्रियापद घालून बघा. ‘मला चैन पडेना’ याच्या जागी ‘मी पिशवी आवरली. चष्मा वर आणला, चपला खाली.’ सगळ्या रेघा बदलायच्या नाहीत. ‘मला माहीत नव्हतं’, ‘मला कळलं’ ही वाक्यं ठेवा, कारण ती माहितीबद्दल आहेत आणि व्हरांड्यात माहितीचाच दुष्काळ असतो.

यातला पुढचा सापळा म्हणजे शरीर. भीती हा शब्द काढला की लगेच छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हातपाय थरथरतात. हा दोष नवा नाही आणि आपल्याकडे त्याचा विचारही जुना आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसदोष सांगितले आहेत, त्यांची सुरुवातच भावाचं नाव घेऊन तो सांगून टाकण्याच्या दोषाने होते. दुसरीकडे भरताच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप असे आठ सात्त्विक भाव आहेत. मग घाम आणि कंप चालायला हवेत ना? रंगमंचावर चालतात. तिथे नटाचं शरीर समोर असतं आणि तो कापतोय ते आपण बघतो. कागदावर ‘मी कापत होतो’ हे तीन शब्दच असतात, आणि झिजून झिजून ते भीतीचं टोपणनाव झालेत. शरीर आणायचंच असेल तर कुठल्या तरी वस्तूला लागून आणा. हात थरथरले असं न सांगता, पावतीवर सही करताना ती चौकटीबाहेर गेली असं सांगा. अर्थात, गेली असेल तरच.

पायरी ५: खर्डा बदलताना बघा

हा माझा पहिला खर्डा, ट्यूबलाइट वगळून:

> आईला आत नेलं आणि माझ्या पोटात भीतीचा गोळा आला. व्हरांड्यात भयाण शांतता होती. घड्याळाचे काटे जणू थांबले होते. मला घाम फुटला. आईचं कानाचं मशीन मी हातात घट्ट धरून बसलो होतो. आत काय चाललं असेल या विचाराने जीव कासावीस होत होता. डॉक्टरांनी दोन तास सांगितले होते, पण दोन तास होऊन गेले तरी कोणीच बाहेर आलं नाही आणि माझी धाकधूक वाढतच गेली.

आणि हा पाचवा:

> दहा वाजून दहा मिनिटांनी सिस्टरने आईचं कानाचं मशीन माझ्या तळहातावर ठेवलं. बांगड्या आणि चष्मा आधीच पिशवीत गेले होते. “दीड-दोन तास,” डॉक्टर म्हणाले. आईने त्यांच्याकडे बघून मान हलवली. तिला ऐकू गेलेलं नव्हतं.
>
> दार आधी भरकन आलं, मग शेवटची वीतभर सावकाश मिटलं.
>
> मी मूठ मिटली तसं मशीन कुईं करून वाजलं. मूठ उघडली, थांबलं. समोरच्या बाईंनी बघितलं. बॅटरीचं झाकण कुठल्या बाजूने उघडतं ते मला माहीत नव्हतं, ते आईच करायची. मी मांडीवर रुमाल पसरला आणि मशीन त्यावर ठेवलं.
>
> खुर्च्या तीन-तीनच्या, एका लोखंडी पट्टीवर बसवलेल्या. शेजारचा माणूस पाय हलवायचा, ते माझ्यापर्यंत यायचं.
>
> ट्रॉली दिसण्याआधी चाकं ऐकू यायची. सांध्यावर पुढची दोन, मग मागची दोन. तिसऱ्या ट्रॉलीपासून मला न बघता कळायला लागलं. रिकामी असली की दांडी खडखडते.
>
> अकरा वाजता एक मुलगा फरशी पुसत आला. आम्ही सगळ्यांनी पाय वर घेतले.
>
> बाराला पाच कमी होते तेव्हा मी पिशवी आवरली. चष्मा वर आणला, चपला खाली. बांगड्या मोजल्या, चार होत्या.
>
> बारा दहा झाले.
>
> बारा बावीसला शेजारच्या माणसाला बोलावलं. तो उठला आणि सगळी पट्टी हलली. त्यानंतर ती हलली नाही.
>
> बारा एकतीस. ट्रॉली आली, दांडी खडखडत होती.
>
> बारा छत्तीसला बहिणीचा फोन आला. “झालं का?”
> “व्हायचंय.”
> “दोन तास म्हणाले होते ना?”
> “दीड-दोन.”
> “मग?”
> “फरशी पुसली आत्ताच,” मी म्हणालो.
>
> फोन ठेवला. मशीन रुमालावरून उचलून मुठीत धरलं. ते वाजलं. या वेळी मी मूठ उघडली नाही. समोरच्या बाईंनी मान वर केली नाही.
>
> एक पंचवीसला दार उघडलं. सिस्टरने आईचं नाव घेऊन विचारलं, “नातेवाईक कोण?”
>
> मी उठलो आणि मशीन पुढे केलं.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. ‘फरशी पुसली आत्ताच’ हे वाक्य मी रचलेलं नाही. मी खरंच तसं बोललो होतो, हे बहिणीने मला नंतर सांगितलं. फरशी अकराला पुसली होती, म्हणजे दीड तासापूर्वी. हिशेब करत आलेल्या वाचकाला तिथे खुपतं, आणि मी त्यावर एक अक्षरही पुढे लिहिलेलं नाही. संवादात अशी एक चुकीची किंवा विषयाला सोडून दिलेली ओळ असली की ती दहा वर्णनांचं काम करते. मात्र एकच. दोन झाल्या की माणूस वेडसर वाटायला लागतो.

दुसरं, १२.३६ ते १.२५ ही जवळजवळ पन्नास मिनिटं मी सोडून दिली आहेत. आधीच्या खर्ड्यात तिथे आणखी दोन ट्रॉल्या आणि एक लिफ्ट होती. काढून टाकल्यावर ती उडी वाचकाला जास्त लागते, कारण तोवर तो मिनिटामिनिटाने चालायला शिकलेला असतो.

पायरी ६: बसलेल्या माणसाला माहीत नव्हतं ते सांगू नका

मला नंतर कळलं की डॉक्टरांचे दीड-दोन तास म्हणजे चिरा देण्यापासून टाके घालण्यापर्यंतचे. त्याच्याआधी भूल देण्याची तयारी असते, नंतर पेशंटला जागं करणं आणि रिकव्हरीत ठेवून लक्ष ठेवणं असतं. हे सगळं धरलं तर सव्वातीन तासांत काहीच वावगं नव्हतं. आईचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणेच झालं होतं.

ही माहिती प्रसंगात घालायचा मोह आवरला नाही तर काय होतं तेही मी करून बघितलं. तिसऱ्या खर्ड्यात सुरुवातीलाच लिहिलं होतं, ‘नंतर समजलं की एवढा वेळ लागतोच.’ पुढची पाचशे शब्दांची खुर्ची त्या वाक्याने मोडली. माहिती खरी असली तरी ती खुर्चीवरच्या माणसाजवळ नव्हती. प्रसंगात त्याच्याजवळ जेवढं होतं तेवढंच ठेवा: एक आकडा, एक दार, एक पिशवी.

शेवटाचंही तसंच. बातमी आली की लोक आनंदाश्रू लिहितात किंवा आकांत लिहितात. तुमचं लिखाण थांबण्याबद्दल असेल तर दार उघडल्यावर फार तर एक कृती घ्या आणि सोडा. आई बरी आहे की नाही हे माझ्या प्रसंगात लिहिलेलं नाही. ते कळायलाच हवं असं वाटलं तर पुढच्या प्रसंगात, वेगळ्या जागी, कशाच्या तरी ओघात येऊ द्या.

पायरी ७: कोणाला वाचायला द्यायचं आणि काय विचारायचं

‘कसं वाटलं?’ असं विचारलंत तर ‘छान, अंगावर आलं’ असं उत्तर मिळतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही. ज्याला ही हकीकत माहीत नाही अशा कोणाला वाचायला द्या, कागद परत घ्या आणि तीन गोष्टी विचारा. ऑपरेशन किती वाजता संपायला हवं होतं? त्याच्या हातात काय होतं? त्याने फोनवर काय खोटं सांगितलं? पहिल्याचं उत्तर आलं नाही तर आकडे फार खोल पुरलेत, वर आणा. दुसऱ्याच्या उत्तरात तीन-चार वस्तू आल्या तर वस्तू जास्त झाल्यात. तिसरं उत्तर चुकलं तरी चालतं. माझ्या एका मित्राला ती थाप लक्षातच आली नव्हती, पण “तिथे काहीतरी गडबड वाटली” एवढं तो म्हणाला.

छापायला किंवा कुठे टाकायला देणार असाल तर शेजारी बसलेल्या लोकांची नावं, त्यांच्या पेशंटचे आजार, त्यांना पुकारताना ऐकलेले तपशील काढून टाका. ते तुमच्या कानावर पडले म्हणून तुमचे होत नाहीत. माझ्या प्रसंगातल्या समोरच्या बाईंबद्दल मला खरं तर बरंच ठाऊक होतं, कारण त्या पाऊण तास फोनवर बोलत होत्या. त्यातलं एवढंच ठेवलं की पहिल्यांदा त्यांनी बघितलं आणि दुसऱ्यांदा बघितलं नाही.

पाचवा खर्डा बहिणीला पाठवला. तिने परत फोन केला आणि विचारलं, “बांगड्या चारच होत्या का? आई तर सहा घालते.” मी कपाट उघडून बघायला गेलो. दोन तिथेच होत्या, आदल्या रात्री तिने काढून ठेवलेल्या.